कंपनीची वेबसाईट: फ्रीलान्सर, छोटी एजन्सी की पगारी माणूस?

ओतारी

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आणि छोटं मशीन शॉप आहे. चाळीसेक माणसं, प्रायव्हेट लिमिटेड. वडिलांनी सुरू केलं, आता मी आणि चुलतभाऊ बघतो. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नची अर्धा किलो ते चाळीस किलोपर्यंतची कास्टिंग.

सहा वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका पोराकडून वेबसाईट करून घेतली. वर्डप्रेसवर, बारा पानं. तेव्हा तो कॉलेज संपवून घरूनच कामं करायचा, आता बंगळुरात नोकरीला आहे आणि फोन उचलत नाही. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाईकाने स्क्रीनशॉट पाठवला. गुगलवर आमच्या कंपनीचं नाव टाकलं की खाली जपानी अक्षरं आणि घड्याळं-बुटांच्या जाहिराती. आम्ही साईट उघडली तर सगळं व्यवस्थित दिसतंय. पुढच्या आठवड्यात होस्टिंगवाल्यांनी अकाउंटच बंद केलं आणि त्याबरोबर आमचे सगळे ईमेलही बंद. दोन दिवस दर विचारणारी एकही आरएफक्यू आली नाही.

आता नवी करायचीच आहे. तीन पर्याय पुढ्यात आहेत. सांगलीचा एक फ्रीलान्सर ४५ हजार म्हणतोय, पुढची देखभाल महिना दीड हजार. पुण्यातली सहा जणांची एजन्सी १ लाख ८० हजार अधिक जीएसटी, देखभालीचा करार म्हणजे एएमसी वर्षाला ३६ हजार. चुलतभाऊ म्हणतो एक पोरगं २२ हजारांवर कामालाच ठेवू, दर वेळी कुणाच्या पाया पडायला नको. वडिलांचं मत, ज्याचं ऑफिस आहे त्यालाच काम द्यायचं.

कुणी तिन्ही करून बघितलंय का?

व्यवहारी

एवढा विचार कशाला? हल्ली महिना काही शे रुपयांत तयार साच्यांची साईट मिळते. माऊसने ओढायचं, सोडायचं. मी माझ्या अकॅडमीची एका रविवारी केली. हॅक वगैरेची जबाबदारी त्यांची. तिन्ही पर्याय रद्द करा.

पैठणीवाली

दादा, मी तर वेबसाईटच बंद केली. येवल्याहून माल घेऊन घरून विकते, सगळी ऑर्डर इन्स्टा आणि व्हॉट्सॲपवर. वेबसाईटवर पेमेंट गेटवे घातला होता, वर्षात नऊ साड्या गेल्या. तुम्ही पण आधी रील्स करून बघा. वितळलेल्या लोखंडाचे व्हिडिओ लोक खूप बघतात, खरंच.

ओतारी

ताई, रील आवडेल पोरांना 😄 पण आम्ही साईटवरून काही विकत नाही. गिऱ्हाईक म्हणजे पंप आणि ट्रॅक्टरचे पार्ट घेणाऱ्या कंपन्या. ते एकदा साईट बघतात, मग ऑडिटला येतात.

जुना_सर्व्हर

बारा वर्षं पुण्यात छोटी एजन्सी चालवली, पाच जणांची. चार वर्षांपूर्वी बंद करून आता एका कंपनीत नोकरी करतो, तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलू शकतो.

कोणाला काम द्यायचं हे नंतर ठरवू. आधी हे सांगा की डोमेन कोणाच्या नावावर आहे? साईट गेली तर महिन्याभरात पुन्हा उभी राहते. डोमेन गेलं तर तुमचे ईमेल, व्हिजिटिंग कार्डं, गिऱ्हाईकांच्या व्हेंडर लिस्टमधला पत्ता, सगळंच जातं. कोणत्याही हूइज साईटवर डोमेन टाका. मालकाचं नाव बहुधा लपवलेलं असेल, पण रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते हे दिसेल.

आणि ते जपानी प्रकरण. गुगलवर `site:तुमचंडोमेन.com` असं टाका. तुमची पानं बारा आणि निकाल हजारोंनी आले, तर नको ती पानं तुमच्याच सर्व्हरवर तयार झालीत. तुम्हाला साईट ठीक दिसते कारण घुसलेला कोड पाहुणा कोण ते बघतो. माणूस आला तर नेहमीचं पान, गुगलचा बॉट आला तर घड्याळं. म्हणूनच मालकाला सगळ्यात शेवटी कळतं.

ओतारी

बघितलं. निकाल अकरा हजारांवर! डोमेन डॉट कॉम आहे, मुदत संपायला ७४ दिवस. रजिस्ट्रारचं लॉगिन आमच्याकडे नाही. जुन्या मेलमध्ये एक पावती सापडली, ती त्या पोराच्या जीमेलवर आहे.

व्यवहारी

मग घाबरायचं काय? पैसे तुम्ही दिलेत ना. पैसे देणाऱ्याचं डोमेन, पैसे देणाऱ्याचा कोड. एक वकिली नोटीस पाठवा, निमूट देईल.

वकीलकाका

व्यवहारी, अर्धं बरोबर, अर्धं नाही. यात बरेच उद्योजक फसतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याचं कलम १७. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून जे लिहिलं त्याचा पहिला मालक कंपनी, वेगळा करार नसेल तर. पण बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक तो स्वतः. तुम्ही पूर्ण पैसे दिले तरी. तुम्हाला वापरायचा हक्क मिळतो, मालकी नाही. गंमत म्हणजे फोटोंचं उलटं आहे. पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोंची मालकी, वेगळं काही ठरलं नसेल तर, तुमची. म्हणजे एकाच माणसाने एकाच बिलात फोटो काढले आणि कोड लिहिला, तर फोटो तुमचे आणि कोड त्याचा.

मालकी हवी असेल तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीचं हस्तांतरण लागतं. त्यातही मुदत लिहिली नाही तर पाच वर्षंच धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुम्ही निर्यात करत असाल तर हे डोक्यात ठेवा. फ्रीलान्सर असो की एजन्सी, नियम एकच. एजन्सीचं मोठं ऑफिस बघून हा कागद आपोआप तयार होत नाही. वर्डप्रेस मात्र मुळातच खुल्या परवान्यावर आहे, त्यावर ना तुमची मालकी ना त्याची. वाद होतो तो फक्त वर रचलेल्या कामावर.

डोमेनचा प्रश्न वेगळा. रजिस्ट्रारच्या दप्तरी ज्याचं खातं त्याच्या हातात सूत्रं. नोटीस देता येते, पण ७४ दिवसांत कोर्ट काय करणार? गोडीने घ्या.

जुना_सर्व्हर

काकांशी सहमत. ४५ हजारांच्या साईटसाठी कोर्टात कोणी जात नाही. खात्यांच्या चाव्या कोणाकडे, यावरच सगळं ठरतं.

ओतारी, मुदत संपली म्हणजे डोमेन त्याच दिवशी जात नाही. डॉट कॉमला रजिस्ट्रार काही दिवस सवलत देतात, ती किती ते ज्याच्या त्याच्यावर. त्यानंतर तीस दिवसांचा काळ असतो ज्यात परत मिळतं पण भरपूर दंड भरून. मग पाच दिवस कोणालाच हात लावता येत नाही, आणि नंतर ते बाजारात मोकळं. पण संपल्यानंतर रजिस्ट्रार ते सहसा पार्किंगच्या पानावर वळवतो, म्हणजे ईमेल पहिल्या एक-दोन दिवसांतच बंद. तेव्हा ७४ दिवस हा खरा आकडा समजा.

तो पोरगा सापडला तर त्याच्याकडे एकच गोष्ट मागा. तुम्ही त्याच रजिस्ट्रारकडे कंपनीच्या नावाने खातं उघडा आणि त्याला म्हणा, डोमेन या खात्यात ढकल. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर कुलूप काढा, ट्रान्सफरचा कोड मागा, पाच-सात दिवस थांबा, आणि मालकाचं नाव बदललं की बऱ्याचदा साठ दिवस पुढे हलवता येत नाही. एकाच घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणं सोपं.

आणि डोमेनवरची साईट आणि ईमेल कुठे आहेत ते सांगणारे नेमसर्व्हर कुणालाही बदलू देण्याआधी आत्ता काय लिहिलंय ते उतरवून ठेवा:

```
nslookup -type=ns  example.com
nslookup -type=mx  example.com
nslookup -type=txt example.com
```

`example.com` च्या जागी तुमचं नाव. विंडोजच्या काळ्या खिडकीत चालतं. जे येईल त्याचा फोटो काढून ठेवा. नवा माणूस साईट हलवताना नेमसर्व्हर बदलतो, ईमेल कुठे पोचवायचे ते सांगणारी एमएक्सची ओळ न्यायची विसरतो, आणि साईट झकास पण ईमेल गायब. हे मी स्वतः एका गिऱ्हाईकाचं केलंय, शुक्रवारी संध्याकाळी. सोमवारी कळलं.

कृष्णाकाठ

मी फ्रीलान्सर, गेली सात वर्षं. (ओतारींना ४५ हजार सांगणारा मी नव्हे, पण सांगलीचाच.) दुसरी बाजू मांडतो.

डोमेन आमच्या खात्यात का जातं? चोरायला नाही. मी मालकांना म्हणतो, तुमच्या कार्डवरून घ्या. ते म्हणतात, अरे तू घे रे, नंतर देतो. ओटीपीसाठी फोन केला तर मीटिंगमध्ये. शेवटी मी माझ्या कार्डवरून घेतो. पहिल्या वर्षी पैसे येतात. दुसऱ्या वर्षी आठवण करावी लागते. तिसऱ्या वर्षी मी खिशातून भरतो, कारण बंद पडलं तर शिव्या मलाच. माझ्या खात्यात आत्ता चार डोमेनं अशी आहेत ज्यांच्या मालकांनी दोन-दोन वर्षं काही दिलेलं नाही.

त्या पोराने सहा वर्षं नूतनीकरण केलं असेल तर कोणाच्या पैशाने, हे एकदा बघा.

ओतारी

...बघितलं. शेवटचं पेमेंट चार वर्षांपूर्वीचं. फोन का उचलत नाही ते कळलं असं वाटतंय. 🙏

मेघना_इनहाउस

पगारी माणसाच्या पर्यायाबद्दल मी लिहिते, कारण तो पगारी माणूस मीच आहे. नाशिकला अंबडमध्ये दीडशे माणसांची कंपनी, वेबसाईटसाठी म्हणून मला घेतलं.

वेबसाईटचं काम आठवड्याला जेमतेम तीन तास. उरलेल्या वेळात कॅटलॉग, प्रदर्शनातल्या स्टॉलचे फ्लेक्स, लिंक्डइन, कोटेशनचं पीडीएफ सुबक करणं, साहेबांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका (हसू नका), आणि प्रिंटर. प्रिंटर बिघडला की सगळे माझ्याकडे बघतात. मला ते आवडतं, कंपनीलाही परवडतं, कारण मुळात ती मार्केटिंगची नोकरी आहे. पण ओतारी, तुमच्याकडे हे बाकीचं काम आहे का?

दुसरं. मी एकटी आहे, माझं काम तपासणारं कुणी नाही. सुरुवातीला दोन वर्षं बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवत होते, कुणी सांगितलंच नाही. बाळंतपणाच्या रजेवर गेले तेव्हा पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात. प्रसूतीनंतर अकराव्या दिवशी फोन आला, सर्टिफिकेट बदलायचंय. पगारी माणूस म्हणजे कायमचा माणूस, हा गैरसमज. तोही बंगळुराला जाऊ शकतो.

स्टुटगार्टकर

मूळचा इचलकरंजीचा, सध्या जर्मनीत एका पंप कंपनीत खरेदी विभागात. भारतातले कास्टिंग पुरवठादार निवडणं हेच माझं काम, म्हणून न राहवून.

साईट किती देखणी आहे हे मी पाहत नाही. मला हवं ते असं: कोणते ग्रेड ओतता, किमान आणि कमाल वजन, मोल्डिंग कोणतं, मशीनची यादी, स्पेक्ट्रोमीटर आहे की नाही, आणि आयएसओ किंवा आयएटीएफचं सर्टिफिकेट, तारखेसकट. मुदत संपलेलं सर्टिफिकेट लावलेल्या साईट मी दर आठवड्याला बघतो. दोन वर्षांपूर्वीच संपलेलं! नूतनीकरण झालेलं असतं, साईटवर बदललेलं नसतं. तिथेच मी पुढे जातो.

आणि हॅक झालेली साईट आमच्या ऑफिसातून उघडतच नाही, फिल्टर अडवतो. मग मी फोन करून कारण विचारत बसत नाही.

ओतारी

आमच्या साईटवरचं सर्टिफिकेट २०२१ चं आहे. 🤦 भिंतीवरचं ताजं आहे.

जुना_सर्व्हर

तर मग आता तुमचा हिशेब मांडू. गेल्या वर्षभरात साईटवर काय बदलायला हवं होतं, बदललं की नाही ते सोडा, फक्त यादी करा. कॅलेंडर आणि व्हॉट्सॲप चाळा.

ओतारी

चुलतभावाबरोबर बसून काढली. सर्टिफिकेट १. नवी व्हीएमसी मशीन दोन आली त्यांची माहिती आणि फोटो २. नव्या कास्टिंगचे फोटो साधारण ४ वेळा. प्रदर्शनाची सूचना २. नोकरीची जाहिरात ३. फोन नंबर बदल १. पत्त्याचा नकाशा १. एकूण १४.

जुना_सर्व्हर

चौदा बदल. एकाला तास धरा, फोटो निवडण्यासकट. दरमहा वर्डप्रेस आणि प्लगिन अपडेट करून साईट चालते का बघणं, महिन्याला पाऊण तास, म्हणजे वर्षाला नऊ. तीन महिन्यांतून एकदा बॅकअप खरंच परत उभा करून पाहणं, वर्षाला चार तास. सगळे मिळून २७ तास.

२२ हजारांचा माणूस वर्षाला २ लाख ६४ हजार, वर पीएफ वगैरे. २७ तासांसाठी. तासाला दहा हजारांच्या जवळ. मेघनाताईंसारखं बाकीचं काम असेल तर हिशेब पूर्ण बदलतो, पण तुम्ही म्हणालात साईटसाठीच ठेवू.

फ्रीलान्सर वर्षाला १८ हजार म्हणजे तासाला साडेसहाशेच्या आसपास. ठीक वाटतं. एजन्सी ३६ हजार म्हणजे तेराशे. तेही अवाजवी नाही, जर ते खरंच २७ तास देणार असतील.

इथे माझी कबुली. आमच्याकडे एएमसीची साठ गिऱ्हाईकं होती. सोमवारी सकाळी एक मुलगा एका पडद्यावरून साठही साईटचे अपडेट एका बटणाने करायचा. एखादी मोडली तर गिऱ्हाईकाने फोन केल्यावर कळायचं. एका साईटवर महिन्याला पंचवीस मिनिटं जात असतील, त्यातली दहा बिल पाठवण्यात. लबाडी नव्हती, करारात 'सिक्युरिटी, बॅकअप, सपोर्ट' एवढंच लिहिलं होतं आणि ते आम्ही देत होतो. म्हणून एएमसी घेताना शब्द विचारू नका. त्यांना म्हणा, परवाचा बॅकअप माझ्यासमोर एका वेगळ्या सबडोमेनवर उभा करून दाखवा. ज्याला जमतं तो तासाभरात दाखवतो. ज्याचा बॅकअप त्याच सर्व्हरच्या त्याच फोल्डरमध्ये आहे, त्याचा चेहरा तिथेच कळतो.

व्यवहारी

एजन्सीच्या १८ टक्के जीएसटीचं विसरलात. १ लाख ८० हजारांवर ३२,४०० आणखी. फ्रीलान्सर जीएसटी लावत नाही. सरळ फायदा.

वकीलकाका

ओतारींची कंपनी नोंदणीकृत आहे, त्यांना त्या ३२,४०० चं इनपुट क्रेडिट मिळेल. खर्च धरू नका, फक्त काही काळ पैसा अडकतो. फ्रीलान्सरची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर तो नोंदणी करत नाही आणि लावत नाही, एवढंच. टीडीएसचं मात्र सीएला विचारून घ्या, दोघांनाही लागू शकतो.

अवांतर: तुमची प्रायव्हेट लिमिटेड आहे ना? मग कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता, कंपनीचा नोंदणी क्रमांक म्हणजे सीआयएन, फोन, ईमेल आणि तक्रारीसाठी कोणाशी बोलायचं त्याचं नाव हे साईटच्या पहिल्या पानावर असणं कंपन्यांच्या २०१४ च्या नियमांत बंधनकारक आहे. फ्रीलान्सर असो वा एजन्सी, मी पाहिलेल्या दहांतल्या आठ साईटवर हे नसतं.

कृष्णाकाठ

एक प्रश्न जुना_सर्व्हर यांना. वर्षाला चौदाच बदल, तर वर्डप्रेस हवंच कशाला? साधी एचटीएमएल पानं ठेवा. डेटाबेस नाही, प्लगिन नाही, लॉगिनच नाही तर घुसणार कुठून? नऊ तासांचे अपडेट वाचले. मी गेल्या दोन वर्षांत तीन कारखान्यांना तसंच करून दिलंय.

जुना_सर्व्हर

सुरक्षेच्या बाजूने तुम्ही बरोबर. पण मग सर्टिफिकेट बदलायलाही तुम्हीच लागणार. स्टुटगार्टकर म्हणतात तो रोग तिथूनच सुरू होतो: छोट्या बदलासाठी माणसाला फोन करायचा कंटाळा, आणि दोन वर्षं निघून जातात. वर्डप्रेसमध्ये अकाउंट्सच्या ताई पीडीएफ चढवू शकतात.

कृष्णाकाठ

चढवू शकतात, पण चढवतात का? ओतारींकडे वर्डप्रेसच होतं ना, तरी २०२१ चं सर्टिफिकेट.

जुना_सर्व्हर

हं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मेघना_इनहाउस

सर्टिफिकेटची नूतनीकरणाची फाईल ज्याच्याकडे असते, म्हणजे क्वालिटीवाला, त्याच्याच कामाच्या यादीत 'साईटवर बदल' घाला. आमच्याकडे हे झाल्यापासून चुकलेलं नाही. कोडचा प्रश्न नाही हा.

पैठणीवाली

मी पण हूइजवर बघितलं. माझी साईट बंद केली तरी डोमेन अजून चालू दिसतंय, आणि ते पण दुसऱ्याच्या खात्यात. ते सोडलं तर काय होतं?

जुना_सर्व्हर

ताई, त्या डोमेनवरचा ईमेल कुठे बँकेत, मार्केटप्लेसवर किंवा इन्स्टाच्या खात्याला दिला असेल तर सोडू नका. दुसऱ्याने घेतलं तर पासवर्ड बदलायचे मेल त्याच्याकडे जातील. आधी सगळीकडचा पत्ता बदला, मग सोडा.

पैठणीवाली

बाई गं. इन्स्टाला तोच दिलाय. आत्ता बदलते.

ओतारी

(तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतो. काय झालं ते सांगतो.

तो पोरगा सापडला, त्याच्या मामाकरवी. आधी मागच्या चार वर्षांचे डोमेन आणि होस्टिंगचे पैसे पाठवले, मग फोन केला. दहा मिनिटांत उचलला. त्याच संध्याकाळी डोमेन कंपनीच्या खात्यात आलं. खातं accounts@ वर न ठेवता मुद्दाम वेगळ्या डोमेनच्या ईमेलवर ठेवलंय, कारण हेच डोमेन अडकलं तर त्यावरचा मेल कसा उघडणार, हे जुना_सर्व्हर यांनी व्यनित सांगितलं. पासवर्ड छापून सीलबंद पाकिटात तिजोरीत, बाजूला पेन ड्राईव्ह. वडिलांना ती पद्धत फार आवडली.

ईमेल साईटच्या होस्टिंगवरून काढून वेगळ्या सेवेवर नेले. माणशी महिन्याचा खर्च वाढला, पण साईट बंद पडली तरी आरएफक्यू येत राहणार. नेमसर्व्हर बदलताना ती एमएक्सची ओळ आम्ही हाताने लिहून काढली होती. नव्या माणसाने खरंच विसरली होती.

मग थेट नवी साईट न देता फ्रीलान्सर आणि एजन्सी दोघांनाही विचारलं, आधी जुनी साईट साफ करायचं छोटं काम, पैसे देऊन, कोण करतं? एजन्सी म्हणाली आम्ही साफ करत नाही, नवीनच करू. फ्रीलान्सरने ६ हजारांत केली. `uploads` फोल्डरमध्ये फोटोंच्या मध्ये `.php` फाईल सापडल्या, आणि दोन ॲडमिन ज्यांची नावं आम्ही कधी ऐकली नव्हती. मूळ कारण बहुधा ती थीम, कुठून तरी फुकट उतरवलेली पैशाची थीम होती. तो पोरगा म्हणाला, दादा, तेव्हा मला माहीत नव्हतं. गुगलमधले अकरा हजार निकाल आता साडेतीन हजारांवर आलेत, पूर्ण जायला वेळ लागेल म्हणतात.

एवढं बघून काम फ्रीलान्सरला द्यायचं ठरलं. वकीलकाकांनी सांगितलेली ओळ करारात घातली: संपूर्ण पैसे मिळाल्यावर कोड आणि मजकुराचे हक्क कायमचे आणि जगभरासाठी कंपनीकडे. त्याने काही कुरकुर केली नाही. वडील अजून म्हणतात, ऑफिस नाही त्याचं.

वर्डप्रेस की साधी पानं, ते मात्र अजून ठरलेलं नाही. चुलतभाऊ एकीकडे, मी दुसरीकडे.

स्टुटगार्टकर

आत्ता उघडून बघितली, आमच्या ऑफिसातून उघडते. सर्टिफिकेटही नवं दिसतंय. मशीनच्या यादीत व्हीएमसीच्या टेबलचा साईज टाका, तेवढ्यासाठी मला एक मेल करावा लागतो.

वकीलकाका

सीआयएन दिसला नाही.

ओतारी

काका, टाकतो 🙏 टेबल साईजही. फोटो काढायचेत, ते मोबाईलवरच काढून व्हॉट्सॲपने पाठवू का त्याला?

कृष्णाकाठ

पाठवा, पण डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवलेत तर व्हॉट्सॲप त्याचा चिखल करून देतो, आणि मग साईट धूसर दिसते म्हणून फोन आम्हाला येतो.

मेघना_इनहाउस

आणि आधी मशीन पुसून घ्या.